खडक लागला, पण तो किती भार पेलेल?

मुंबईत जुन्या इमारतीच्या जागी टॉवर उभा राहू लागला की कित्येक महिने पायाचेच काम चालते. पत्र्याच्या कुंपणाआड रिग घरघरत असते आणि एक दिवस सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी येते : खडक लागला. सगळ्यांना हायसे वाटते. खडक म्हणजे बेसॉल्ट, काळा कातळ, हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. पण मुंबईच्या पोटात एकच कातळ नाही. लाव्ह्याच्या थरांच्या मधे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन बनलेला टफ आहे, राखेत दगडांचे तुकडे अडकून बनलेला ब्रेशिया आहे, दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात साचलेले गाळाचे थर आहेत. वांद्रे–वरळी सागरी सेतूच्या पायासाठी 1500 आणि 2000 मिलिमीटर व्यासाचे 604 पाइल घालावे लागले. तिथला खडक तर अतिशय मऊपासून अतिशय कठीणपर्यंत बदलत गेलेला होता. म्हणून खडक लागला एवढ्याने इंजिनिअरचे समाधान होत नाही. हा खडक दर चौरस मीटरला किती टन भार घेईल, हा त्याचा प्रश्न असतो. त्या एका आकड्यावर पाइलची संख्या, खोली आणि पायाचा खर्च ठरतो. तो आकडा चुकला तर इमारतीचे भवितव्यही ठरते.

मऊ खडकात पाइल नुसता टेकवून भागत नाही. माती आणि कुजका खडक ओलांडून चांगल्या खडकात काही मीटर भोक कोरायचे, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट भरायचे. खडकात रुतलेल्या या भागाला सॉकेट म्हणतात. सॉकेटमधला पाइल दोन वाटांनी भार खाली देतो. एक वाट तळाची, जिथे काँक्रीट खडकावर बसते. दुसरी बाजूंची, जिथे काँक्रीटचा खरबरीत पृष्ठभाग खडकाच्या भिंतीला घट्ट धरून ठेवतो. या दोन वाटा एकाच वेळी काम करू लागत नाहीत. पाइल काही मिलिमीटर खाली सरकला की भिंतीची पकड पूर्ण जोर लावते. तळाला मात्र पूर्ण जोर लावायला त्याहून बरेच जास्त खाली दाबले जावे लागते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

आकडा ठरवण्याची सुरुवात होते कोअरपासून. हिरे बसवलेल्या पोकळ बिटने खडक कोरला की आत दंडगोल राहतो. साधारण 54 मिलिमीटर व्यासाचे हे कोअर लाकडी पेट्यांत क्रमाने मांडून ठेवतात. एका फेरीत दीड मीटर कोरले असे समजू. पेटीत आलेले तुकडे सेंटिमीटरमध्ये असे आहेत : 31, 9, 14, 7, 22, 6, 8, 12 आणि शेवटी 11 सेंटिमीटर भरेल एवढा चुरा. बेरीज 120. म्हणजे 150 पैकी 120 सेंटिमीटर हाती आले, कोअर रिकव्हरी 80 टक्के. आता 10 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडेच मोजायचे : 31, 14, 22 आणि 12, मिळून 79. त्याला 150 ने भागले की 53 टक्के येतात. हाच रॉक क्वालिटी डेझिग्नेशन, साइटवरच्या बोलण्यात आरक्यूडी.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे डॉन डीअर यांनी 1960 च्या दशकात हे माप रूढ केले. खडकात भेगा किती जवळजवळ आहेत याचा झटपट अंदाज त्यांना हवा होता. भेगा दूर असतील तर कोअर लांब निघतो, जवळ असतील तर तुकडे होतात. 25 टक्क्यांखाली अतिशय वाईट, 50 ते 75 बरा, 90 च्या वर उत्तम, अशी त्यांची विभागणी आजही प्रत्येक बोअर लॉगमध्ये दिसते. माप सोपे आहे, स्वस्त आहे आणि भेगांबद्दल खरे सांगते. घोटाळा होतो तो त्याला भेगांखेरीज इतर गोष्टी विचारल्यामुळे.

पहिला घोटाळा मोजतानाच होतो. मऊ टफचा कोअर ड्रिलच्या हादऱ्याने, नळीतून ठोकून काढताना किंवा पेटी ट्रकमध्ये चढवतानाही तुटतो. वरच्या उदाहरणातला 22 सेंटिमीटरचा तुकडा हाताळताना 9, 9 आणि 4 असा मोडला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर मोजायचे उरतात 57 सेंटिमीटर आणि आरक्यूडी 53 वरून 38 वर येतो. एका धक्क्यात खडकाची वर्गवारी ‘बरा’वरून ‘वाईट’वर घसरते. नियम सांगतो की हाताळणीने झालेली तूट जोडून एकच तुकडा धरावा. ती ओळखता येते. ताज्या तुटीची कड खरबरीत आणि स्वच्छ असते, दोन तुकडे एकमेकांत चपखल बसतात. निसर्गातल्या भेगेवर मात्र गंजासारखा तांबूस डाग, मातीचा पापुद्रा किंवा पांढरे खनिज दिसते. हे पाहायला भूवैज्ञानिक ड्रिलपाशी हजर हवा. काही टफ आणि शेल उघड्यावर वाळून आपोआप चिरतात. आठवड्याने गोदामात बसून मोजलेला आरक्यूडी हा खडकाचा राहत नाही, तो वाळण्याचा होतो. उलट, कुजून हाताने चुरगळेल असा तुकडा लांब आहे म्हणून मोजला तर आकडा फुकटचा फुगतो. असे तुकडे मोजायचे नसतात.

दुसरा घोटाळा मोठा आहे. पेक, हॅन्सन आणि थॉर्नबर्न यांच्या 1974 च्या पाठ्यपुस्तकात आरक्यूडीवरून खडकावर किती दाब चालेल याचा तक्ता आहे. आरक्यूडी 25 असेल तर चौरस मीटरला साधारण 290 टन, 75 असेल तर जवळपास 1170 टन. पाया अर्ध्या इंचाहून जास्त खचू नये, या हिशेबाने तो बांधलेला आहे. तक्ता हाताशी आहे आणि आरक्यूडी लॉगमध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे दोन्ही जुळवून आकडा काढायचा मोह होतो.

आता मुंबईत शेजारशेजारच्या प्लॉटवर सापडू शकतील असे दोन खडक घेऊ. पहिला सलग टफ : भेगा जवळपास नाहीत, रिकव्हरी 95 टक्के, आरक्यूडी 80. पण कोअर प्रेसमध्ये दाबून पाहिला तर चौरस मीटरला 400 टनांच्या आसपास फुटतो. दुसरा भेगाळलेला बेसॉल्ट : रिकव्हरी 60, आरक्यूडी जेमतेम 20, पण अखंड तुकडा 6000 टनांना फुटतो. तक्ता टफला 1400 टन देतो आणि बेसॉल्टला 250. म्हणजे ज्या दगडाची स्वतःची ताकद 400, त्याच्यावर 1400 ठेवायला सांगतो. लेखकांनी ही शक्यता ओळखली होती. तक्त्यातला आकडा दगडाच्या दाबताकदीपेक्षा जास्त आला तर दाबताकदच मर्यादा धरावी, अशी टीप त्याच तक्त्याला जोडलेली आहे. मात्र तक्ता उतरवून घेताना टीप मागे राहते.

कठीण खडकात अशक्तपणा भेगांत असतो, म्हणून तिथे आरक्यूडी उपयोगी पडतो. मऊ खडकात अशक्तपणा दगडाच्या अंगातच असतो आणि लांब, सलग, सुबक कोअर त्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून मऊ खडकात आरक्यूडीने एकट्याने निर्णय द्यायचा नसतो. दगडाची दाबताकद मुख्य, आणि आरक्यूडी तिला किती कात्री लावायची हे सांगणारा साहाय्यक.

दाबताकदीचा आकडाही जपून घ्यावा लागतो. चाचणीसाठी व्यासाच्या दुपटीहून लांब, म्हणजे निदान 11 सेंटिमीटरचा अखंड तुकडा लागतो. त्यामुळे प्रयोगशाळेत पोचतो तो पेटीतला सगळ्यात चांगला दगड. 6 आणि 8 सेंटिमीटरचे तुकडे, चुरा, हाती न आलेला भाग यांची ताकद कोणी मोजतच नाही. छोट्या तुकड्यांवर पॉइंट लोड चाचणी करून ही उणीव थोडी भरून काढता येते. शिवाय टफ कोरडा असताना खणखणीत लागतो, पण भिजल्यावर त्याची ताकद बरीच उतरते. पाइल तर आयुष्यभर भूजलात उभा राहणार. म्हणून नमुना पाण्यात भिजवून दाबायला हवा.

समजा आपल्या टफच्या, पाइलच्या तळाखालच्या दोन व्यासांइतक्या खोलीतून घेतलेल्या सहा भिजवलेल्या नमुन्यांचे निकाल चौरस मीटरला 340, 380, 410, 440, 520 आणि 1450 टन आले. सरासरी 590. अहवालात हाच आकडा टाकला तर गणित नियमात बसते, पण खडकाशी जुळत नाही. 1450 च्या नमुन्याचा फोटो पाहिला तर त्यात बेसॉल्टचा मोठा तुकडा अडकलेला दिसतो. तो बाजूला ठेवला की उरलेल्या पाचांची सरासरी 418 येते. जाणता सल्लागार इथे 400 धरेल.

आता हिशेब. पुलांच्या पायासाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 78 या कोडच्या 2014 च्या आवृत्तीत अशा सॉकेटसाठी सूत्र दिलेले आहे. इमारतींचे सल्लागारही ते वापरतात. रिकव्हरी आणि आरक्यूडी यांची सरासरी काढायची. आपल्या टफसाठी 95 आणि 80 ची सरासरी साडेसत्त्याऐंशी. सरासरी 30 असेल तर गुणक 0.3 आणि 100 असेल तर 1.2, मधल्या आकड्यांना त्या प्रमाणात. आपला गुणक साधारण 1.04 येतो. दाबताकद 400, गुणिले 1.04, आणि सॉकेट पुरेसा खोल असल्याबद्दल जास्तीत जास्त 1.2 ची वाढ. तळाची अंतिम क्षमता चौरस मीटरला 499 टन. तिला तीनने भागायचे, की वापरायचा आकडा 166 टन. तक्त्याने 1400 दिले होते. त्याच दगडाचे, त्याच पेटीतले हे दोन आकडे आहेत आणि त्यांत आठपटींहून जास्त अंतर आहे.

बेसॉल्टला हेच सूत्र लावले तर 1000 टनांच्याही वर उत्तर येते. पण तळाचा वापरायचा आकडा 500 टनांवर जाऊ द्यायचा नाही, असे कोडचे बंधन आहे. तेवढ्यावर थांबले तरी भेगाळलेला बेसॉल्ट सलग टफच्या तिप्पट भार घेतो. आरक्यूडीच्या तक्त्याने क्रम उलटा लावला होता.

पाइल एक मीटर व्यासाचा आणि सॉकेट तीन मीटर खोल धरू. तळाचे क्षेत्रफळ 0.785 चौरस मीटर, म्हणून तळाचा वाटा 130 टन. भिंतीसाठी दाबताकद मेगापास्कलमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ 0.225 ने गुणायचे. 400 टन म्हणजे 4 मेगापास्कल, त्याचे वर्गमूळ 2, म्हणून पकड चौरस मीटरला 45 टन. सॉकेटचे वरचे 30 सेंटिमीटर धरायचे नाहीत, कारण तिथला खडक कोरताना हललेला असतो. उरलेल्या 2.7 मीटर भिंतीची अंतिम क्षमता 382 टन होते. तिला सहाने भागायचे : 64 टन. एकूण सुरक्षित भार 194, म्हणजे 195 टनांच्या आसपास. अंतिम क्षमतांची बेरीज 774 टन आहे, म्हणजे हाताशी जवळजवळ चौपट राखीव ताकद आहे.

हे सगळे कागदावरचे. खरा पाइल बेंटोनाइटच्या किंवा पाण्याच्या तीस मीटर खोलीत, कोणाच्याही नजरेआड तयार होतो. छिन्नीने किंवा हायड्रॉलिक रिगने खडक फोडला की चुरा तळाशी बसतो. फ्लशिंग नीट झाले नाही तर दहा-पंधरा सेंटिमीटरचा गाळ राहतो आणि काँक्रीट त्यावर बसते. उशीखाली उशी ठेवल्यासारखे होते : तळ दाबला जातो, पण भार घेत नाही. आपल्या पाइलचे 392 टनांचे तळाचे बळ असे नाहीसे झाले तर उरते भिंतीचे 382 टन. पाइलवर 195 टन येणार आहेत, म्हणून तो लगेच बसत नाही. चौपट राखीव ताकदीची दुप्पट होते, एवढेच. आणि म्हणूनच हा दोष लपून राहतो. नेहमीची भारचाचणी सुरक्षित भाराच्या दीडपट, म्हणजे 292 टनांपर्यंत करतात. भिंत तेवढे सहज घेते आणि पाइल पास होतो.

त्यात दुसरा दोष मिळाला तर मात्र गणित बिघडते. शेल आणि मातकट टफ पाण्यात भिजून लोण्यासारखे होतात. भोक खणून झाले, पण रेडी-मिक्सच्या गाड्या वाहतुकीत अडकल्या आणि सॉकेट रात्रभर तसाच राहिला, तर भिंतीवर मऊ चिखलाचा लेप तयार होतो. काँक्रीट खडकाला न चिकटता त्या लेपाला चिकटते. पकड निम्मी झाली तर 191 टन उरतात आणि पाइलवर 195 येणार असतात. तळाखाली आधीच गाळ असेल तर इथे पाइल खचू लागतो.

म्हणून जाणकार माणूस काँक्रीटआधी तळाची खोली मोजण्याचा आग्रह धरतो. दोरीला जड वजन बांधून खोली तीनदा मोजतात : खोदाई संपल्यावर, पिंजरा सोडल्यावर आणि काँक्रीट सुरू करण्याच्या अगदी आधी. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा उथळ निघाला तर मधल्या वेळात गाळ बसला आहे. पुन्हा फ्लशिंग, पुन्हा मोजणी. सॉकेट खोदणे आणि काँक्रीट ओतणे यांत खंड पडू नये, असे वेळापत्रक मऊ खडकात पाळावे लागते. काही पाइलमध्ये तळापर्यंत पाइप सोडून ठेवतात आणि नंतर त्यातून कोअर काढून काँक्रीट आणि खडक यांचा सांधा प्रत्यक्ष पाहतात. हातोडीने टकटक करून लहरी ऐकण्याच्या चाचणीने काँक्रीटमधली मोठी चीर किंवा पोकळी कळते, पण तळाखालच्या खडकाने भार घेतला की नाही हे त्यातून कळत नाही.

धरलेला आकडा बरोबर आहे का, हे सांगणारी खरी परीक्षा म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी एका चाचणी पाइलवर अडीचपट भार देणे. आपल्या उदाहरणात ते 490 टनांच्या जवळ जाते. तळाखाली गाळ असेल, तर 382 टन संपल्यावर पाइल खाली घसरू लागतो आणि दोष उघड होतो. याहून बारकाईने पाहायचे तर पाइलच्या आतच, तळाजवळ, हायड्रॉलिक जॅक बसवतात. जॉर्ज ऑस्टरबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा सेल फुगला की वरचा भाग वर आणि तळ खाली ढकलला जातो. त्यामुळे भिंतीचे बळ आणि तळाचे बळ वेगवेगळे मोजता येते. सागरी सेतूच्या कामात ही पद्धत वापरली गेली. मऊ खडकात तिचे मोल जास्त, कारण इथे भार दोघांत कसा वाटला जातो तेच मुळी अनिश्चित असते.

खडकाबाबत आणखी एक धोका उरतो, आणि तो दख्खनच्या लाव्ह्याचा खास धोका आहे. थरांवर थर असल्यामुळे मीटरभर कणखर बेसॉल्टच्या खाली टफ किंवा रेड बोल म्हणतात तो लालसर मातकट थर असू शकतो. बोअर बेसॉल्ट लागताच थांबवला तर लॉगमध्ये उत्तम खडक दिसतो. पाइल मात्र त्या पातळ थराला भोक पाडून खालच्या मऊ थरावर भार देतो. म्हणून बोअर पाइलच्या ठरलेल्या तळाच्या बऱ्याच खाली न्यावा लागतो आणि शेजारच्या दोन बोअरमध्ये खडकाची पातळी वेगळी निघाली तर त्यांच्या मधे आणखी एक घ्यावा लागतो.

कधी कधी रिकव्हरी आणि आरक्यूडी यांची सरासरी 30 च्याही खाली येते. तुकडे इतके बारीक निघतात की चाचणीला नमुनाच मिळत नाही. आरक्यूडी शून्य म्हणजे ताकद शून्य, असा अर्थ तिथे काढायचा नसतो. मग साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून टाकून नळी किती घावांत किती खोल जाते ते मोजतात आणि त्यावरून खडकाची कर्तनताकद अंदाजतात. आयआरसी 78 मध्ये यासाठी वेगळी रीत आहे. आरक्यूडी जिथे मुका होतो तिथे हा हातोडा बोलतो, पण फक्त ज्या खडकात नळी थोडी तरी घुसते त्याच खडकात.

पुनर्विकासाच्या बैठकीत सोसायटीच्या सभासदांना सॉकेटचे गणित मांडायची गरज नाही. पण चार कागद मागता येतात आणि ते वाचता येतात. एक, बोअर लॉग आणि त्यासोबत कोअर पेट्यांचे रंगीत फोटो : लॉगमध्ये आरक्यूडी 80 आणि फोटोत चुरा असेल तर तिथेच विचारावे. दोन, दाबताकदीच्या चाचण्या : नमुने किती, कोणत्या खोलीचे, भिजवलेले की कोरडे. तीन, धरलेला आकडा कसा काढला त्याचे पान : त्यात फक्त आरक्यूडीचा तक्ता असेल आणि खडक टफ किंवा ब्रेशिया असेल, तर दुसऱ्या सल्लागाराचे मत घ्यावे. चार, चाचणी पाइलचा निकाल : भार दीडपट दिला की अडीचपट, आणि पाइल किती मिलिमीटर खाली गेला. हे चार कागद एकमेकांशी जुळत असतील तर ‘खडक लागला’ या बातमीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.